ढोल-ताशाचं फाटलेलं रेकॉर्डिंग: किती सांधता येतं आणि कुठे थांबायचं

पथकाचा सराव असो किंवा विसर्जनाची मिरवणूक, रेकॉर्डिंग घरी येऊन ऐकलं की बहुतेकदा एकच तक्रार असते: आवाज फाटलाय. ताशा चरचरतो, ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला गुरगुर येते आणि मधला ‘मोरया’चा गजर त्यात बुडून जातो. हा लेख असं रेकॉर्डिंग पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी आहे. बहुतेक कामाला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. दोन ठिकाणी `ffmpeg` हे लिखित आज्ञांवर चालणारं मोफत साधनही लागेल. मेनूची नावं त्याच्या तिसऱ्या आवृत्तीतली दिली आहेत.

आधी आवाज का फाटतो ते पाहू

रेकॉर्डर आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजतो. ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये एका सेकंदात ४८,००० मोजमापं असतात, त्यांना सॅम्पल म्हणतात. मोजण्याला वरची आणि खालची मर्यादा असते. ढोलाचा ठोका त्या मर्यादेच्या वर गेला की रेकॉर्डर मर्यादेचाच आकडा पुन्हा पुन्हा लिहीत राहतो. लाटेचा गोल माथा छाटला जातो आणि तिथे सपाट पठार उरतं. यालाच क्लिपिंग म्हणतात.

पठाराच्या टोकांवर जे कोपरे तयार होतात, ते कानाला जास्त टोचतात. ८० हर्ट्झच्या ढोलाची लाट वरून आणि खालून सारखीच छाटली गेली, तर २४०, ४००, ५६० हर्ट्झ असे मूळ ठोक्यात नसलेले किंवा फार कमी असलेले सूर जोरात उमटतात. माणसाचा आवाजही याच भागात असतो, म्हणून गजर गढूळ होतो. इक्वलायझरने हे सूर दाबायला गेलात तर गजरही दबतो. म्हणून दुरुस्ती छाटलेल्या माथ्यापासूनच सुरू करावी लागते. सॉफ्टवेअर पठाराच्या अलीकडची-पलीकडची लाट बघतं आणि मधला माथा कसा असेल याचा अंदाज बांधून तो भरतं. हा अंदाज असतो. जे नोंदलंच गेलं नाही ते परत मिळत नाही.

अंदाज किती बरोबर येईल, हे सर्वांत जास्त पठाराच्या लांबीवर ठरतं. ताशाच्या काडीचा फटका अत्यंत छोटा असतो. त्याचं पठार बहुधा चार-सहा सॅम्पलचं निघतं, दोन्ही बाजूंना शाबूत लाट असते आणि माथा छान बसतो. ढोलाचं गणित वेगळं आहे. ४८ किलोहर्ट्झला ८० हर्ट्झच्या लाटेची एक फेरी ६०० सॅम्पलची होते. ठोका मर्यादेच्या ६ डेसिबल वर गेला, म्हणजे लाट जेवढी मावते त्याच्या दुप्पट उंच होती, तर प्रत्येक फेरीत वर सुमारे २०० सॅम्पल आणि खाली तेवढीच सॅम्पल सपाट होतात. २०० सॅम्पल म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. ढोलाचा माथा स्वतः संथ आणि गुळगुळीत असल्याने त्याची कमान पुन्हा काढता येते. पण त्या चार मिलिसेकंदांत ढोलाच्या लाटेवर स्वार झालेला ताशा, झांज आणि गजरातलं एखादं व्यंजन, सगळं पठाराच्या वर होतं आणि सगळं छाटलं गेलं. कमान परत येते, तिच्यावरची ही नक्षी परत येत नाही. दुरुस्तीनंतरही ढोलाच्या ठोक्यागणिक ताशा क्षणभर अंधूक का होतो, त्याचं कारण हे.

पहिली पायरी: मूळ फाइल मिळवा

व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या व्हिडिओवर काम सुरू करू नका. पाठवताना आवाज पुन्हा आकसला जातो आणि सपाट पठारांवर बारीक काटे उगवतात. मग क्लिपिंग शोधणाऱ्या साधनाला पठार ओळखूच येत नाही. ज्याने रेकॉर्ड केलं त्याच्याकडून मूळ फाइल घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच वापरायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मूळ फाइल वेगळी ठेवा आणि प्रतीवर काम करा.

फोनचा व्हिडिओ असेल तर त्यातला आवाज `ffmpeg` ने असा वेगळा काढा:

```
ffmpeg -i video.mp4 -vn -c:a pcm_f32le mul.wav
```

`pcm_f32le` म्हणजे ३२-बिट फ्लोट. आकसलेला आवाज उलगडताना काही माथे मर्यादेच्या थोडे वर जातात. साध्या १६-बिट फाइलमध्ये ते पुन्हा छाटले गेले असते, फ्लोटमध्ये टिकतात.

रेकॉर्डरनेच ३२-बिट फ्लोटमध्ये नोंद केली असेल, तर फाइल उघडल्यावर लाटा काठाला चिकटून फाटलेल्या दिसल्या तरी घाबरू नका. सगळा ट्रॅक निवडा, `Effect > Volume and Compression > Amplify` मध्ये -१२ डेसिबल द्या आणि पुन्हा बघा. माथे गोल दिसले तर काहीच छाटलं गेलेलं नव्हतं, काम तिथेच संपलं. आवाज खाली आणूनही पठारं सपाटच राहिली तर माइक किंवा त्यापुढचं सर्किट आधीच गुदमरलं होतं. फ्लोटचा तिथे उपयोग नाही.

दुसरी पायरी: डोळ्यांनी तपासा

ही पायरी टाळून थेट इफेक्ट लावण्याचा मोह होतो, पण पुढचे सगळे निर्णय इथेच ठरतात. `View > Show Clipping in Waveform` चालू करा, मर्यादेला टेकलेल्या जागी लाल रेघा दिसतील. मग एका रेघेजवळ कर्सर ठेवा आणि प्रत्येक सॅम्पल सुट्ट्या ठिपक्यासारखं दिसेपर्यंत `Ctrl+1` दाबत जा. साधारणपणे चारपैकी एक चित्र दिसतं.

पठार अगदी आडवं, मर्यादेला टेकलेलं असेल तर ते सरळ डिजिटल क्लिपिंग आहे. दुरुस्तीला सर्वांत सोपं.

लाल रेघ कुठेच नाही, पण माथे मर्यादेच्या खाली एकाच उंचीवर छाटलेले आहेत. फाटल्यानंतर कुणीतरी फाइलचा आवाज कमी केला असावा, किंवा रेकॉर्डरची पातळी खाली ठेवूनही माइकचा भाग ओव्हरलोड झाला असावा. दुसऱ्या कारणात पठार बहुधा किंचित उतरतं आणि कोपरे गोलसर असतात. दुरुस्ती होते, पण हाताने मर्यादा सांगावी लागते.

पठारावर केसासारखे काटे असतील तर फाटलेली फाइल नंतर आकसली गेली आहे. मूळ फाइलचा पुन्हा एकदा शोध घ्या.

चौथ्या चित्रात माथे गोल आणि शाबूत असतात, तरी ऐकताना आवाज फाटका वाटतो. तेव्हा समोरचा लाउडस्पीकरच फाटत होता आणि रेकॉर्डरने तो प्रामाणिकपणे नोंदवला. किंवा फोनने जोरदार ठोक्याला आवाज आपोआप दाबला आणि मग हळूहळू वर आणला, त्यामुळे ठोक्यानंतर सगळं श्वास घेतल्यासारखं खालीवर होतं. या दोन्हींवर पुढे सांगितलेला उपाय लागू पडत नाही, कारण भरायला पठारच नाही.

तपासताना डावा आणि उजवा चॅनेल वेगवेगळा बघा. मिरवणुकीत एक बाजू ढोलाच्या रांगेकडे असते, तीच जास्त फाटते. दुसरी बाजू पुष्कळदा बरी निघते आणि पुढे ती फार कामाला येते.

तिसरी पायरी: माथे भरणं

एक नमुना घेऊ. रस्त्याच्या कडेला उभं राहून हातातल्या रेकॉर्डरवर केलेलं चार मिनिटांचं रेकॉर्डिंग, ४८ किलोहर्ट्झ, २४-बिट. सुरुवातीला फक्त ताशे वाजतात, तिथे पठारं तीन ते आठ सॅम्पलची आहेत. दुसऱ्या मिनिटात सगळे ढोल एकत्र पडतात आणि डाव्या बाजूला पठारं दीडशे ते अडीचशे सॅम्पलपर्यंत जातात. उजवीकडे तीच पठारं साठ-सत्तरची आहेत.

आधी माथ्यांसाठी जागा करा. भरलेले माथे जुन्या मर्यादेच्या वर जाणार, म्हणून सगळा ट्रॅक निवडून `Amplify` मध्ये -९ डेसिबल द्या. `Clip Fix` स्वतःही आवाज ९ डेसिबलने कमी करतं, पण फक्त निवडलेल्या तुकड्याचा. नवखे लोक इथे हमखास अडकतात: तुकड्या-तुकड्याने इफेक्ट लावला की मिरवणूक मध्येच दूर गेल्यासारखी वाटते. सगळा ट्रॅक आधीच खाली आणला आणि इफेक्टमधला तो आकडा शून्य केला की ही भानगड राहत नाही.

दोन्ही बाजू वेगळ्या फाटल्या असतील तर ट्रॅकच्या मेनूतून `Split Stereo Track` करा, म्हणजे प्रत्येकीला तिची मर्यादा देता येईल. मग फक्त ताशांचा दहा सेकंदांचा तुकडा निवडा आणि `Effect > Noise Removal and Repair > Clip Fix` उघडा. `Threshold of Clipping` ९५ टक्के असतो. निवडलेल्या भागातल्या सर्वांत उंच सॅम्पलच्या ९५ टक्क्यांवर जे आहे ते छाटलेलं समज, असा त्याचा अर्थ. पठार आडवं असेल तर ९५ ठीक आहे. उतरतं किंवा काटेरी असेल तर ९० आणि मग ८५ करून बघा. तुकड्यात एखादाच भलता उंच काटा असेल तर सगळा हिशेब त्याच्यावरून होतो आणि खरी पठारं सुटतात. असा काटा निवडीच्या बाहेर ठेवा.

इफेक्ट लावला की पुन्हा ठिपक्यांपर्यंत जवळ जा. पठाराच्या जागी शेजारच्या लाटेला शोभेल अशी कमान दिसायला हवी. ताशांच्या तुकड्यात ती दिसेल, आणि ऐकल्यावर कोरडी चरचर बरीच गेलेली असेल. तुलना करताना मूळ तुकडाही तेवढाच, म्हणजे ९ डेसिबलने खाली आणून ऐका. मोठा आवाज कानाला नेहमी बरा वाटतो आणि फसगत होते.

डोळ्यांनी खात्री करायची असेल तर ट्रॅक `Spectrogram` मध्ये बघा. छाटलेल्या प्रत्येक जागी तळापासून वरपर्यंत उभी उजळ रेघ असते. चांगली दुरुस्ती झाली की तिचा वरचा भाग फिका पडतो. ताशाचा फटकाही उभी रेघ देतोच, ती पूर्ण पुसली जावी अशी अपेक्षा ठेवू नका.

ढोलांच्या भागात हेच करून बघितलं की `Clip Fix` कमी पडतं. ते पठाराच्या दोन टोकांवरून साधी वक्र रेषा ओढतं. दोनशे सॅम्पलच्या अंतरावर ती रेषा कधी फार फुगते, कधी चपटीच राहते. फुगलेली कमान ठिपक्यांच्या चित्रात शेजारच्या शाबूत ठोक्यांहून अवाजवी उंच दिसते आणि ऐकताना ठोक्याआधी ‘टक’ असं येतं. असं झालं तर `Ctrl+Z` करा आणि तो भाग `ffmpeg` च्या `adeclip` फिल्टरकडे द्या. तो पठाराच्या आजूबाजूच्या लाटेची घडण जास्त लांबवर बघून मधला भाग भरतो:

```
ffmpeg -i mul.wav -af "volume=-9dB,adeclip" -c:a pcm_f32le durust.wav
```

एकाच उंचीवर अचानक खूप सॅम्पल साचली आहेत का, यावरून हा फिल्टर पठार ओळखतो. मर्यादेच्या खाली छाटलेली फाइलही त्यामुळे चालते. पठार काटेरी असेल तर त्याला काहीच सापडत नाही आणि आवाजाशिवाय फरक पडत नाही. तेव्हा `adeclip=t=4` असा आकडा कमी करून बघा, मूळ आकडा १० असतो. फार खाली नेलात तर शाबूत माथ्यांनाही तो हात लावेल. निघालेली फाइल ऑडॅसिटीत मूळ ट्रॅकच्या खाली घ्या आणि फक्त ढोलांचा भाग तिच्यातून उचला. विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमधली डी-क्लिप साधनं अंदाज आणखी चांगला बांधतात, ती वापरायला सोपीही आहेत. पण अंदाजाची मर्यादा त्यांनाही तीच.

नमुन्यातल्या उजव्या बाजूला यानंतर गुरगुर बरीच उतरते. डाव्या बाजूला ढोल भरीव होतो, पण प्रत्येक ठोक्याला ताशा लपतो. इथून पुढे `adeclip` पुन्हा पुन्हा लावून काही मिळत नाही. एकदा भरलेल्या माथ्यावर पठारच उरलेलं नसतं.

चौथी पायरी: जे भरत नाही ते दुसरीकडून आणा

माझ्या मते हौशी माणसाने सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, कारण इथे अंदाजाऐवजी खरा आवाज मिळतो. डावी बाजू फार गेलेली असेल तर त्या ठोक्यांपुरती उजवीच दोन्हीकडे वापरा. जोडाच्या जागी दहा-वीस मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज उतरत असतानाच दुसरा चढेल. आवाज क्षणभर रुंदी हरवतो, पण इतक्या गदारोळात ते कुणाच्या कानावर येत नाही.

गर्दीतल्या दुसऱ्या कुणाच्या फोनचं रेकॉर्डिंग मिळालं तर फारच उत्तम. लांब उभ्या असलेल्या माणसाचा आवाज बहुधा कमी फाटलेला असतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून १७ मीटर मागे उभ्या असलेल्याकडे तोच ठोका ५० मिलिसेकंद उशिरा पोचतो. ताशाचा एखादा स्पष्ट फटका दोन्ही ट्रॅकवर शोधा आणि त्यावर जुळवा. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. सुरुवातीला जुळवलेलं तिसऱ्या मिनिटाला सरकलेलं असतं, म्हणून प्रत्येक ठिगळ स्वतंत्रपणे जुळवा. ‘मोरया’चा गजर वाचवायचा असेल तर हा एकच खरा मार्ग आहे. शब्दांतली गेलेली व्यंजनं कोणतंही साधन अंदाजाने बरोबर भरत नाही.

ठेका पुन्हा पुन्हा येतो, याचाही फायदा होतो. एखाद-दोन ठोकेच वाईट असतील तर तोच ठोका पुढच्या आवर्तनातून उचलून तिथे बसवा. लय पुढे-मागे झालेली असते, त्यामुळे आवर्तन लांब न घेता एकेक ठोका घ्या. सुटा, दोन-अडीच मिलिसेकंदांचा डाग असेल तर `Repair` हा इफेक्ट आहे. तो एका वेळी १२८ सॅम्पलपर्यंतच चालतो.

एवढं झाल्यावर मग इक्वलायझर. उरलेली खरखर २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये जास्त टोचते. `Filter Curve EQ` मध्ये तिथे तीन-चार डेसिबल उतार द्या, तोही फक्त फाटलेल्या भागापुरता. हे दुरुस्ती करत नाही, कानाला सोसवेल इतकं करतं. क्रम मात्र पाळा: इक्वलायझर, नॉइज रिडक्शन किंवा दोन बाजू एकत्र करणं यांपैकी काही आधी केलंत तर पठारं वाकडी होतात आणि मागच्या पायरीतल्या साधनांना ती सापडत नाहीत.

कुठे थांबायचं

पठारं वीस-तीस सॅम्पलच्या आत असतील तर निकाल चांगला येतो, ऐकणाऱ्याला दुरुस्ती कळतही नाही. शंभरच्या आसपास सुधारणा ऐकू येते, पण डागही ऐकू येतो. त्याच्या पुढे, आणि लाटेचा निम्म्याहून अधिक भाग सपाट असेल तर सॉफ्टवेअरकडे धरायला शाबूत काही उरत नाही. तिथे दुसरा स्रोत नसेल तर तो भाग व्हिडिओच्या मागे हळू आवाजात ठेवा, किंवा आतला चांगला अर्धा मिनिट निवडून तेवढाच द्या. हे आकडे ढोल-ताशासाठीचे माझे ठोकताळे आहेत. गाण्याच्या कार्यक्रमात आवाज उघडा असतो, तिथे डाग आधीच कळतो.

काम देण्याआधी सर्वांत उंच माथा -१ डेसिबलवर आणा आणि २४-बिट वेव्ह फाइल काढा. आकसलेली प्रत त्यावरून करा. पथकाच्या संग्रहासाठी फाइल द्यायची असेल तर मूळ फाटलेली फाइलही सोबत द्या, आणि कोणत्या मिनिटाला कोणता ठोका दुसऱ्या आवर्तनातून किंवा दुसऱ्याच्या फोनवरून आणला ते ऑडॅसिटीच्या लेबल ट्रॅकवर लिहून `File > Export Other > Export Labels` ने मजकुराची फाइल काढून जोडा. पुढे कुणी त्या रेकॉर्डिंगवरून ठेका उतरवायला बसलं, तर खरं वाजवलेलं कोणतं आणि बसवलेलं कोणतं हे त्याला समजायला हवं.